स्टँडऑफ आणि स्क्रू बॉस: बोर्डाचा खांब कोणता, झाकणाचा कोणता?

सर्किट बोर्डासाठी प्लास्टिकची डबी उघडून पाहिली की तळातून वर आलेले पोकळ खांब दिसतात. काहींवर बोर्ड बसलेला असतो, काहींमध्ये झाकणाचे स्क्रू जातात. आकार जवळजवळ तोच, मधलं भोकही तसंच, त्यामुळे डिझाइन करताना एकच खांब काढून तो सगळीकडे कॉपी करायचा मोह होतो. पण बोर्ड पेलणारा स्टँडऑफ आणि झाकण आवळणारा स्क्रू बॉस यांच्याकडून अपेक्षा उलट्या आहेत. स्टँडऑफचा माथा बोर्डाला टेकलाच पाहिजे. बॉसचा माथा मात्र झाकणाला सगळ्यांत आधी टेकता कामा नये. पोर्टचं कटआउट चुकणं, काठाला फट राहणं, बोर्ड वाकणं या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हा फरक न पाळणं असतं.

एक उदाहरण घेऊन आकडे मांडू. बोर्ड ७० × ५० मिमी, जाडी १.६ मिमी, चार कोपऱ्यांत २.७ मिमीची भोकं. एका कडेला यूएसबी-सी पोर्ट आहे. डबीची भिंत आणि तळ २ मिमी जाडीचे, आणि तळापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंतची खोली १३ मिमी.

पहिला प्रश्न स्टँडऑफच्या उंचीचा. ही उंची बोर्डाच्या खालच्या बाजूला काय आहे त्यावरून ठरते. आरपार बसवलेल्या भागांचे पाय कापल्यावरही दोन-अडीच मिमी खाली डोकावतात, त्यांच्याखाली मोकळी जागा हवी. म्हणून इथे ५ मिमी धरू. हा आकडा ठरला की पोर्टची जागाही ठरली. डबीच्या बाहेरच्या तळापासून मोजलं तर २ मिमी तळ, ५ मिमी स्टँडऑफ आणि १.६ मिमी बोर्ड मिळून बोर्डाचा वरचा पृष्ठभाग ८.६ मिमीवर येतो. नेहमीच्या, बोर्डावर चढवलेल्या यूएसबी-सी कनेक्टरचा मध्य त्याच्या सुमारे १.६ मिमी वर असतो. म्हणजे कटआउटचा मध्य १०.२ मिमीवर. नेमका आकडा आपल्या कनेक्टरच्या ड्रॉइंगमधून घ्यावा, पण बेरजेची साखळी हीच. स्टँडऑफ अर्ध्या मिमीने बदलला की कटआउटही तेवढंच सरकवावं लागतं. मॉडेल बनवताना कटआउटची उंची स्टँडऑफच्या माथ्यापासूनच बांधून ठेवली, तर हे आपोआप होतं. बॉसची उंची या साखळीत कुठेच येत नाही, आणि हा दोघांमधला पहिला ठोस फरक.

आडव्या दिशेलाही तेच. बोर्डाची कड कापताना ०.२ मिमी इकडेतिकडे होणं साधारण धरलं जातं, भोकांच्या जागा त्यापेक्षा नेमक्या असतात. म्हणून कटआउटचं माप बोर्डाच्या कडेपासून न घेता स्टँडऑफच्या केंद्रापासून घ्यावं. २.५ मिमीचा स्क्रू २.७ मिमीच्या भोकात ०.१ मिमी सरकतो, प्लास्टिकचा स्वतःचा फरक त्यात मिळतो, त्यामुळे कनेक्टरभोवती ०.३ ते ०.५ मिमी मोकळीक ठेवणं शहाणपणाचं.

इथेच कटआउटची एक नेहमीची फसगत सांगायला हवी. भोक कनेक्टरच्या मापाचं करून भागत नाही, कारण भोकातून केबलचा प्लग आत जायचा असतो. कनेक्टरचं तोंड भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाशी थांबलं असेल आणि भोक फक्त कनेक्टरएवढं असेल, तर प्लगचं प्लास्टिकचं बोंड भिंतीला अडतं आणि प्लग २ मिमी अलीकडेच राहतो. अशी केबल जरा हलली की सुटते, कधी चार्जिंग होतं, कधी नाही. दोष कनेक्टरला दिला जातो, खरा दोष भिंतीचा असतो. यूएसबी-सीच्या मानकात त्या बोंडाची कमाल मापं १२.३५ × ६.५ मिमी दिली आहेत. म्हणून एकतर कनेक्टरचं तोंड भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी आणावं, नाहीतर १३ × ७.२ मिमीचं, गोल टोकांचं भोक करावं. आपल्या उदाहरणात त्याची खालची कड १०.२ वजा ३.६ म्हणजे ६.६ मिमीवर येते, तळाला धक्का लागत नाही.

प्लग घालताना आणि काढताना जो जोर लागतो तोही स्टँडऑफकडेच जातो. यूएसबी-सी घालायला ५ ते २० न्यूटन लागतात. हा जोर कनेक्टरच्या सोल्डरच्या टाक्यांतून बोर्डात आणि बोर्डातून सर्वांत जवळच्या स्टँडऑफमध्ये उतरतो. म्हणून एक तरी स्टँडऑफ कनेक्टरच्या जवळ हवा. केबल वर-खाली ओढली गेली तर दूरच्या कोपऱ्यांवर टेकलेला बोर्ड लवतो, आणि रोज रोज लवणारे टाके शेवटी तडकतात.

आता बॉसकडे येऊ. बॉसला बोर्डाशी देणंघेणं नाही. तो दोन भाग एकत्र आवळतो आणि डबी उघडली की पुन्हा आवळतो. त्यामुळे त्याची ताकद आट्यांवर अवलंबून. प्लास्टिकसाठीच्या ३ मिमी सेल्फ टॅपिंग स्क्रूला साधारण २.४ ते २.५ मिमीचं भोक, ६ ते ७ मिमीचा बाहेरचा व्यास आणि निदान ६ मिमी आट्यांची पकड द्यावी. स्टँडऑफमध्ये एवढी पकड बसतच नाही, कारण तो मुळात ५ मिमी उंच आहे. तिथे २.५ मिमीचा स्क्रू आणि २ ते २.१ मिमीचं भोक पुरतं. २.५ × ६ मिमीचा स्क्रू घेतला तर १.६ मिमी बोर्डात जातो आणि ४.४ मिमी पकड मिळते. काही ग्रॅमच्या बोर्डाला ती भरपूर आहे. झाकणाला ती पुरणार नाही, चार-सहा वेळा उघडल्यावर आटे जातात.

बॉसची उंची डबीच्या आतल्या खोलीवरून ठरते, आणि ती खोलीइतकी ठेवू नये. खोली १३ मिमी असेल तर बॉस १२.८ मिमी करावा. ती ०.२ मिमीची फट मुद्दाम आहे. झाकणाचा काठ आणि तळाच्या भागाचा काठ आधी एकमेकांना भिडले पाहिजेत, स्क्रूने ते घट्ट धरायचे. बॉस १३.२ झाला तर झाकण चार खांबांवर बसतं आणि चहूबाजूंनी ०.२ मिमीची फट राहते. कितीही आवळा, ती जात नाही, कारण स्क्रू झाकणाला खांबावरच दाबत असतो. उलट बॉस १२ मिमीचा केला तर झाकण स्क्रूजवळ खाली खेचलं जातं, मधल्या भागात काठ उचलतो आणि स्क्रूच्या भोकापासून तडा जाण्याची भीती असते. ओळखायला साधा कागद पुरतो, त्याची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. तो सगळीकडून फटीत सरकला तर बॉस उंच आहेत, फक्त दोन स्क्रूंच्या मध्ये सरकला तर झाकण वाकलंय.

स्टँडऑफची तपासणी वेगळी. स्क्रू न लावता बोर्ड चारही खांबांवर ठेवा आणि समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगला तर एक माथा उंच किंवा ठेंगणा आहे. स्क्रू आवळल्यावर हे डुगडुगणं दिसेनासं होतं, पण गेलेलं नसतं, बोर्ड तेवढा वाकलेला असतो. स्क्रूच्या भोकालगत सिरॅमिक कपॅसिटर असतील तर त्यांना आतून तडा जातो. तो वरून दिसत नाही, आणि कधी लगेच, कधी पुष्कळ दिवसांनी शॉर्ट होतो. असे कपॅसिटर भोकापासून लांब ठेवणं हे बोर्ड डिझाइन करणाऱ्याचं काम, आणि माथे सपाट व समान ठेवणं डबी करणाऱ्याचं.

आता दोन्ही खांब एकच केले तर काय होतं? एकच स्क्रू झाकणातून, बोर्डातून, तळात जातो. स्क्रू वाचतात, जागा वाचते, म्हणून हा मार्ग लोकप्रिय आहे. पण आकडे पाहा. १३ वजा ५ वजा १.६, म्हणजे झाकणाच्या खालच्या खांबाची लांबी ६.४ मिमी असायला हवी. बोर्डाच्या जाडीत १० टक्के फरक सर्रास चालतो, म्हणजे तो १.४४ ते १.७६ मिमी असू शकतो. पातळ बोर्ड आला तर काठ भिडतो, पण बोर्ड ०.१६ मिमीने सैल राहतो आणि खुळखुळतो. जाड आला तर काठ उघडा राहतो आणि स्क्रूचा सगळा ताण बोर्डावर येतो. काठ आणि बोर्ड दोन्ही एकाच वेळी अचूक भिडतील असं माप नसतंच. फार लहान डबीत हे करायचंच असेल तर वरचा खांब ६ मिमी ठेवून मध्ये मऊ रबराची चकती घालावी, म्हणजे फरक रबर पचवेल. जागा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की बोर्डाचे स्क्रू वेगळे आणि झाकणाचे वेगळे ठेवावेत.

बनवण्याच्या पद्धतीचा परिणामही दोघांवर सारखा होत नाही. साच्यातल्या डबीत खांबाच्या मुळाशी प्लास्टिक जाड झालं की ते हळू थंड होतं आणि बाहेरच्या पृष्ठभागावर खड्डा पडतो. म्हणून खांबाच्या पोकळीची भिंत डबीच्या भिंतीच्या सुमारे ६० टक्के ठेवतात, आपल्याकडे १.२ मिमी. २ मिमीच्या भोकाच्या स्टँडऑफला ते सहज जमतं, बाहेरचा व्यास ४.४ मिमी येतो. बॉसला मात्र ६ मिमी हवेत, आणि इथे ताकद व खड्डा यांची ओढाताण होते. उपाय म्हणजे बॉस सडपातळ ठेवून त्याला तीन-चार पातळ रिब लावणं, आणि तो कोपऱ्याच्या भिंतीत विरघळू न देता थोडा दूर उभा करून रिबनेच भिंतीला जोडणं.

थ्रीडी प्रिंटमध्ये खड्ड्याची चिंता नाही, तिथे थर सुटतात. उभा छापलेला उंच बॉस स्क्रू आवळताना थराच्या रेषेत तुटतो. ५ मिमीचा स्टँडऑफ सहसा टिकतो, १२.८ मिमीचा बॉस टिकत नाही. वारंवार उघडायची डबी असेल तर बॉसमध्ये गरम करून बसवायचा पितळी इन्सर्ट घाला. ३ मिमी स्क्रूच्या इन्सर्टला बहुधा ४ मिमीच्या आसपास भोक लागतं, नक्की माप इन्सर्टसोबतच्या तक्त्यात असतं. त्याभोवती निदान २ मिमी प्लास्टिक ठेवा. स्टँडऑफला हा खर्च क्वचितच लागतो, कारण बोर्ड एकदा बसला की सहसा बसलेलाच राहतो.