दवाखान्याचं लेटरहेड आणि प्रिस्क्रिप्शन पॅड: काय छापता येतं, कोणती कागदपत्रं लागतात, अक्षर कसं ठेवावं

नवीन दवाखाना सुरू करणारे डॉक्टर प्रेसमध्ये आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॅडच्या मजकुराला कुठून मंजुरी आणावी लागते का? लेटरहेडसाठी वेगळा अर्ज किंवा परवाना नसतो. पण त्यावर काय लिहायचं याचे नियम आहेत, आणि छापलेल्या प्रत्येक ओळीमागे एक कागद असायला हवा. हे नियम नीट पाळले तर पॅडवरचा मजकूर आपोआप थोडा होतो, आणि शांत, विश्वासाचं अक्षर जुळवायला लागणारी मोकळी जागाही मिळते.

कोण काय छापू शकतं

एम.बी.बी.एस. आणि त्यापुढच्या पदव्यांच्या डॉक्टरांना २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता लागू आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. या संहितेनुसार पाटीवर आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर डॉक्टरांचं नाव, विद्यापीठाची किंवा वैधानिक संस्थेची पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक आणि नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदेचं नाव एवढंच असावं. नोंदणी क्रमांक पावतीवर आणि दाखल्यावरही लागतो. पत्ता, फोन आणि वेळ सगळेच छापतात आणि पेशंटला ते लागतंच, पण त्यापुढे जाऊ नये.

‘तज्ज्ञ’ हा शब्द त्या शाखेची खास पदवी किंवा पदविका असेल तरच लावता येतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट नावापुढे लावायला मागणारे बरेच असतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणावं. डॉक्टरांचा स्वतःचा फोटो लेटरहेडवर छापणं संहितेत जाहिरात धरलं आहे. मानवी शरीराचं रेखाचित्र मात्र चालतं. पांढऱ्यावर लाल क्रॉस मात्र लावू नका. जिनिव्हा करार कायदा, १९६० नुसार ते रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे आणि सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही. खाली शेजारच्या मेडिकलची जाहिरात टाकून फुकट छापून मिळणारे पॅडही या मजकुरात बसत नाहीत.

आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. त्या डॉक्टरांनी आपापल्या परिषदेचं नाव आणि क्रमांक लिहावा.

प्रेसला द्यायची कागदपत्रं

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, चालू नूतनीकरणाची प्रत, आणि पदव्युत्तर पदवी असेल तर ती कौन्सिलकडे नोंदवल्याचं अतिरिक्त अर्हतेचं प्रमाणपत्र, एवढं पुरतं. पदवी मिळाली पण कौन्सिलकडे चढवली नाही, असं बऱ्याचदा असतं. ती चढेपर्यंत पॅडवर घालू नये. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये जे नाव आहे तेच छापावं, कारण विम्याच्या दाव्यात पॅडवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक ताडून पाहतात. नाव बदलायचंच असेल तर आधी कौन्सिलकडे बदलून घ्यावं. मजकूर फोनवर सांगू नये. प्रमाणपत्राच्या प्रतीवरून उतरवून घ्यावा.

एक पॅड जुळवून बघू

समजा तालुक्याच्या गावातला बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना आहे, पदव्या एम.बी.बी.एस., डी.सी.एच. कागद ए-५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. वरचा पट्टा ३८ मिलिमीटर, पेशंटच्या माहितीला २०, तळाला पत्ता आणि वेळेसाठी २०. लिहायला १३२ मिलिमीटर उरतात. ९ मिलिमीटरची एक ओळ धरली तर १४ ओळी होतात. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असं संहिता सांगते, म्हणून एका औषधाला दोन ओळी धराव्यात. चार औषधांना आठ गेल्या, उरलेल्या सूचना आणि सहीला पुरतात. वरचा पट्टा ६० मिलिमीटरचा झाला की इथेच अडचण होते: डॉक्टर बारीक लिहायला लागतात आणि मेडिकलवाल्याला डोस वाचता येत नाही.

वरच्या पट्ट्यात नाव १८ पॉइंट ठळक, खाली ‘बालरोगतज्ज्ञ’ ११ पॉइंट, त्याखाली पदव्या आणि नोंदणी क्रमांक १० पॉइंट साध्या अक्षरात. डावीकडे मराठी, उजवीकडे तेच इंग्रजीत, अशी दुहेरी मांडणी सर्रास होते आणि त्यात पट्टा भरून जातो. माझ्या मते नाव आणि शाखा दोन्ही भाषांत द्यावी. पदव्या आणि क्रमांक एकदाच, प्रमाणपत्रावर आहेत तसे, इंग्रजी अंकांत. त्याच पॉइंटला देवनागरी इंग्रजीपेक्षा लहान दिसते, म्हणून इंग्रजी ओळ एक-दोन पॉइंट कमी ठेवली की दोन्ही सारख्या वाटतात. फाँट Mukta सारखा घ्यावा. त्यात दोन्ही लिप्या एकाच हाताच्या आहेत, वजनंही भरपूर आहेत आणि तो मोफत मिळतो. पूर्ण पॅडला दोन वजनं पुरे.

देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी नाव ऐसपैस पसरलेलं छान दिसतं, पण तेच मराठीला केलं की शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी तुटते. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. ‘क्लिनिक’मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पडलेली दिसली किंवा ‘तज्ज्ञ’ फुटून पाय मोडलेला दिसला, तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीचं कंपोझिंग चालू नाही असं समजा. फाइल प्लेटला पाठवण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये बदलून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर फाँट बदलणार नाही.

रंग एकच, गडद हिरवा किंवा गडद निळा. फिकट राखाडी नाजूक दिसते, पण झेरॉक्समध्ये उडून जाते, आणि उडायला नको तो नेमका नोंदणी क्रमांकच तिने छापलेला असतो. मागे मोठा फिकट लोगोही नको. त्यावर बॉलपेनची दशांश टिंबं हरवतात, आणि लहान मुलांच्या डोसमध्ये टिंब हरवणं धोक्याचं आहे.

पेशंटच्या माहितीत नाव, वय, लिंग, तारीख सगळे ठेवतात, पत्ता बहुतेक पॅडवर नसतो. औषध नियम, १९४५ मधल्या नियम ६५ नुसार चिठ्ठीवर पेशंटचं नाव आणि पत्ता, तारीख, सही, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस लागतो. म्हणून पत्त्याची रिकामी ओळ हवीच. बालरोगतज्ज्ञांच्या पॅडवर वजनाची जागा वयाशेजारीच ठेवावी.

प्रूफ

प्रूफ स्क्रीनवर पाहून पास करू नका. खऱ्या मापात, पॅडच्याच ७० किंवा ८० जीएसएम कागदावर प्रिंट काढून डॉक्टरांना चार औषधांची पूर्ण चिठ्ठी लिहायला द्या. त्या चिठ्ठीची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. दोन्हींत क्रमांक आणि टिंबं वाचता आली तर अक्षर जमलं. मग नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रासमोर धरून एकेक अंक वाचून घ्या आणि प्रूफवर डॉक्टरांची सही घ्या.

पहिल्या खेपेला थोडेच पॅड छापा. नूतनीकरणानं क्रमांक बदलत नाही, त्यामुळे मुदतीची तारीख छापायची गरज नाही. पत्ता बदलला किंवा नवी पदवी कौन्सिलकडे चढली, की जुन्या पॅडवर शिक्का मारून काम भागवू नये; नवी प्लेट करावी.