सहसंबंध, कार्यकारणभाव आणि संभ्रमकारी घटक

तक्त्यातील दोन स्तंभांचे आकडे एकत्र वाढतात किंवा एकत्र घटतात, तेव्हा त्यांच्यात सहसंबंध आहे असे संख्याशास्त्र म्हणते. त्यावरून एका स्तंभातील बदल दुसऱ्याला कारणीभूत आहे, असे मात्र सिद्ध होत नाही. दोन्हींवर परिणाम करणारी तिसरीच गोष्ट त्यांना एकत्र हलवत असू शकते. तिला संभ्रमकारी घटक म्हणतात. पहिली ते चौथीच्या मुलांच्या चपलेचे माप आणि त्यांनी मिनिटाला वाचलेले शब्द शेजारी-शेजारी लिहिले, तर मोठ्या मापाची मुले अधिक वेगाने वाचताना दिसतील. वयाबरोबर पाऊलही वाढते आणि वाचनही सुधारते, हे त्यामागचे खरे कारण होय. फक्त तिसरीतल्या, साधारण एकाच वयाच्या मुलांचे आकडे वेगळे काढले, की हा संबंध जवळजवळ नाहीसा होतो.

या उदाहरणात कोणी फसणार नाही, कारण चपलेने वाचन सुधारत नाही हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तिसरा घटक संबंधाची दिशाच उलटवतो, तेव्हा खरी अडचण येते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विकहॅम येथे 1972 ते 1974 या काळात रहिवाशांची आरोग्य पाहणी झाली आणि सुमारे वीस वर्षांनी त्यांच्यापैकी कोण हयात आहे हे तपासण्यात आले. पाहणीच्या वेळी धूम्रपान करणाऱ्या 582 स्त्रियांपैकी तोवर 139, म्हणजे 24 टक्के, मरण पावल्या होत्या; कधीच धूम्रपान न केलेल्या 732 स्त्रियांपैकी 230, म्हणजे 31 टक्के. केवळ हे दोन आकडे पाहणाऱ्याला धूम्रपानाने आयुष्य वाढते असेच वाटेल.

वयोगट वेगळे केले की चित्र पालटते. पाहणीच्या वेळी 55 ते 64 वर्षांच्या असलेल्या स्त्रियांमध्ये धूम्रपान करणाऱ्या 115 पैकी 51 (44 टक्के) आणि न करणाऱ्या 121 पैकी 40 (33 टक्के) दगावल्या. 45 ते 54 या गटात हेच प्रमाण अनुक्रमे 21 आणि 15 टक्के होते, तर 35 ते 44 या गटात 13 आणि 6 टक्के. अगदी तरुण गटांत मृत्यूच इतके थोडे होते की त्यांवरून काही ठरवता येत नाही. एकत्रित आकडे उलटे दिसले ते दोन्ही गटांतील वयाच्या फरकामुळे: धूम्रपान न करणाऱ्यांत 65 वर्षे व त्यावरील स्त्रिया 26 टक्के होत्या, करणाऱ्यांत जेमतेम 8 टक्के, कारण त्या पिढीतील वृद्ध स्त्रियांमध्ये धूम्रपानाची सवयच कमी होती. वीस वर्षांत वृद्ध स्त्रिया मोठ्या संख्येने मरण पावणे स्वाभाविक होते आणि ते मृत्यू बहुतांशी धूम्रपान न करणाऱ्यांच्या स्तंभात नोंदले गेले.

म्हणून एखादा घटक संभ्रमकारी ठरण्यासाठी त्याचा संबंध दोन्ही स्तंभांशी असावा लागतो आणि तो स्वतः संशयित कारणाचा परिणाम नसावा लागतो. ही दुसरी अट सहज नजरेआड होते. धूम्रपानाने फुप्फुसे बिघडतात आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो. म्हणून स्त्रियांचे गट वयाऐवजी फुप्फुसांच्या अवस्थेनुसार पाडले, तर धूम्रपानाचा परिणाम ज्या वाटेने पोहोचतो ती वाटच आपण बंद करतो आणि खरा धोकाही कमी भासू लागतो. म्हणजे हाती लागेल त्या स्तंभानुसार गट पाडून भागत नाही. कोणता घटक कशाच्या आधी घडतो हे त्या विषयाच्या ज्ञानावरूनच ठरवावे लागते, आकडे ते सांगत नाहीत.

शिवाय गट पाडता येतात ते नोंदलेल्या घटकांचेच. कोणी काय घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर न नोंदलेले घटकही दोन्ही बाजूंना सरासरीने सारखे वाटले जातात. औषधांच्या चाचण्या याच कारणाने तशा घेतात. पण कोणालाही चिठ्ठी टाकून वीस वर्षे सिगारेट ओढायला लावता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1950 च्या दशकात अशाच न नोंदलेल्या घटकाची शंका काढली होती: धूम्रपानाची ओढ आणि फुप्फुसाचा कर्करोग ही दोन्ही एखाद्या आनुवंशिक गुणातून येत असतील. शंका तर्काला धरून होती. संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये तिला आकड्यांनी उत्तर दिले. धूम्रपान करणाऱ्यांना कर्करोगाचा धोका नऊपट दिसत असेल आणि तो सर्वस्वी एखाद्या लपलेल्या गुणामुळे असेल, तर तो गुण त्यांच्यात इतरांपेक्षा किमान नऊपट अधिक आढळायला हवा. धूम्रपानाशी इतका घट्ट बांधलेला असा गुण कोणीही दाखवू शकले नाही.