वापरलेल्या मोटारीचा बीएस टप्पा : कोल्हापुरातील किंमत आणि पुढील वापर

मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या धुरात कोणता वायू किती असावा याची सरकारने मर्यादा घातलेली असते. या मर्यादा वेळोवेळी कडक होत गेल्या. त्यांच्या प्रत्येक पायरीला उत्सर्जन टप्पा म्हणतात आणि भारतात त्याचे नाव भारत स्टेज, म्हणजे बोलण्यातले 'बीएस', असे आहे. टप्पा गाडी तयार होतानाच ठरतो आणि पुढे बदलत नाही. इंजिन नव्याने बांधले, सायलेन्सर बदलला, धूर अगदी स्वच्छ येऊ लागला, तरी कागदावर बीएस-३ असलेली गाडी बीएस-४ होत नाही. जुनी गाडी घेताना रंग, टायर आणि किलोमीटर सगळेच बघतात. टप्पा मात्र बहुतेकदा गाडीच्या मॉडेलच्या सालावरून गृहीत धरला जातो. कोल्हापुरात नेमकी इथेच चूक होते.

कारण असे की, बीएस-४ देशभर एकाच दिवशी आला नाही. १ एप्रिल २०१० रोजी तो दिल्ली राजधानी क्षेत्रासह १३ मोठ्या शहरांत लागू झाला. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, कोल्हापूर नव्हते. उर्वरित देशात त्याच वर्षी बीएस-३ लागू झाला. देशभर बीएस-४ यायला १ एप्रिल २०१७ उजाडला. म्हणजे मधली सात वर्षे पुण्यात नवी गाडी बीएस-४ असल्याशिवाय नोंदवता येत नव्हती, तर कोल्हापुरात बीएस-३ ही नोंदता येत होती. काही कंपन्यांनी आधीच सगळीकडे बीएस-४ गाड्या विकायला सुरुवात केली होती, काहींनी शहर बघून दोन्ही प्रकार विकले. परिणामी एमएच-०९ पासिंगची २०१४ ची गाडी बीएस-३ ही असू शकते आणि बीएस-४ ही, तर तेच मॉडेल, तेच साल, एमएच-१२ पासिंगचे असेल तर ते बीएस-४ च निघेल. सांगली आणि साताऱ्याच्या गाड्यांनाही कोल्हापूरचाच नियम लागू होता. त्यामुळे या पट्ट्यातली २०१० ते २०१७ दरम्यानची कोणतीही गाडी घेताना टप्पा कागदावर पाहिल्याशिवाय धरून चालू नये.

फरक इंधनातही होता. बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ३५० भागांपर्यंत चालत असे, बीएस-४ मध्ये ते ५० वर आले आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये १० वर. गंधक जास्त असले की धूर शुद्ध करणाऱ्या भागांचे आयुष्य घटते. गाड्या आणि इंधन बरोबरीने बदलावे लागले ते याचसाठी. बीएस-५ हा टप्पा सरकारने २०१६ मध्ये वगळायचे ठरवले, म्हणून बाजारात बीएस-५ गाडी मिळत नाही.

टप्पा ओळखण्याची पहिली जागा म्हणजे आरसी. नव्या स्मार्ट कार्डवर आणि एमपरिवहन ॲपमधल्या नोंदीत Emission Norms असा रकाना असतो. तिथे BHARAT STAGE IV असे स्पष्ट लिहिले असेल तर काम सोपे. पण या काळातल्या गाड्यांच्या बाबतीत बऱ्याचदा BHARAT STAGE III/IV अशी दुहेरी नोंद दिसते, कधी NOT AVAILABLE असेही. पहिल्या नोंदीचा अर्थ 'बीएस-४ धरून चला' असा मुळीच होत नाही. तिच्यावरून दोन्हीपैकी कोणता टप्पा ते कळतच नाही. अशा वेळी पहिल्या मालकाकडे असलेला फॉर्म २२ मागावा. गाडी रस्त्याला योग्य आहे आणि प्रदूषणाच्या कोणत्या मानकात बसते हे कंपनीने विक्रीच्या वेळी लिहून दिलेले ते प्रमाणपत्र असते. ते हरवले असेल, आणि बहुधा हरवलेलेच असते, तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबर देऊन विचारणा करता येते. जुन्या पीयूसीवरही टप्पा छापलेला असतो, पण तो वाहन नोंदणीच्या संगणकातूनच आलेला असल्याने मूळ नोंद चुकीची असेल तर पीयूसीही चुकीचीच असणार. बीएस-६ साठी मात्र डोळ्यांना दिसणारी खूण आहे. पुढच्या काचेवर आतून लावलेला नंबराचा स्टिकर पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला केशरी असतो आणि बीएस-६ गाडीच्या स्टिकरवर वरच्या कडेला हिरवी पट्टी असते.

नोंदणीच्या तारखेवर विसंबू नये याचे आणखी एक कारण २०२० चे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकायला व नोंदायला मनाई केली होती. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातच टाळेबंदी लागली आणि विकलेल्या पण नोंद न झालेल्या गाड्या अडकल्या. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने दिल्ली परिसर वगळून, मुदतीच्या आत विकून संगणकावर चढवलेल्या गाड्या नोंदायला परवानगी दिली. त्यामुळे २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नोंदवलेली बीएस-४ गाडी आढळली तर ती लगेच बनावट समजू नये. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तो पाहावा. मालकाकडे मार्च २०२० किंवा त्याआधीचे विक्री बिल असलेच पाहिजे.

आता किमतीकडे. कोल्हापुरात आजघडीला बीएस टप्प्यावरून मोटार रस्त्यावर आणायला बंदी नाही. इथे गाडीचे आयुष्य मोजले जाते ते वयाने. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, ५,००० रुपये शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. २० वर्षांनंतर हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. कर्ज देणाऱ्या संस्थाही गाडीचे वयच आधी बघतात. म्हणून इचलकरंजी-गडहिंग्लजपर्यंतच फिरणाऱ्या गिऱ्हाईकाच्या दृष्टीने बीएस-३ आणि बीएस-४ यांत पेट्रोल गाडीच्या किमतीचा फरक थोडाच असतो आणि तो थोडाच असायला हवा. एजंट 'बीएस-४ आहे' म्हणून मोठी रक्कम वाढवून सांगू लागला, तर गाडीचे वय आणि आरसीची शेवटची तारीख पुढे ठेवून भाव करावा.

उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१४ मध्ये नोंदवलेली एकाच मॉडेलची दोन डिझेल हॅचबॅक आहेत, एक एमएच-०९ बीएस-३, दुसरी एमएच-१२ बीएस-४. दोन्हींची आरसी ऑगस्ट २०२९ पर्यंत. बीएस-३ गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी लागते, बीएस-४ ला वर्षातून एकदा. उलट धुराच्या काळेपणाची मर्यादा बीएस-३ ला सैल, ६५ एकके, आणि बीएस-४ ला ५० एकके. म्हणजे पीयूसी केंद्रावर बीएस-३ गाडी ५८ दाखवून पास होईल आणि बीएस-४ असलेली त्याच आकड्यावर नापास होईल. टप्प्याची नोंद चुकलेली असेल तर याच ठिकाणी त्रास सुरू होतो: बीएस-३ इंजिन संगणकात बीएस-४ म्हणून चढले की त्याला कडक मर्यादा लागते आणि नोझल-पंप नीट असूनही पीयूसी निघत नाही. हा वापराचा फरक झाला. खरेदीदार कोल्हापुरातच राहणार असेल तर बीएस-३ गाडी पुढची तीन वर्षे तितकीच उपयोगी आहे. फरक पडेल तो तिला विकताना. तेव्हा गिऱ्हाईक पुण्याचे असो वा परराज्यातले, ते टप्पा विचारणार, आणि बीएस-३ डिझेलला भाव पाडून मागणार. म्हणून या गाडीचा सौदा करताना भविष्यातली ही घट आजच्याच किमतीतून कमी करून घेणे शहाणपणाचे. एमएच-१२ ची गाडी घेतली तर पुण्याच्या आरटीओची एनओसी आणि पत्ताबदल हा खर्च तिच्या बाजूला धरावा.

भाव पाडण्यामागे दिल्लीचा धडा आहे. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणजे निकष वयाचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको असे म्हटले आणि १७ डिसेंबर २०२५ रोजी ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. बीएस-३ आणि त्याखालच्या जुन्या गाड्यांवर कारवाईला वाट मोकळी झाली. शिवाय हवा बिघडली की तिथे टप्प्यावर आधारित तात्पुरती बंदीही येते: तिसऱ्या पातळीला बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी थांबवल्या जातात. डिझेलला पेट्रोलपेक्षा एक टप्पा कडक मोजले जाते, कारण काळे कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड डिझेलमध्येच जास्त. कोल्हापूरहून दिल्लीला कोणी रोज जात नाही, पण दुसऱ्या एखाद्या शहरात निर्बंध आलेच तर ते वयापेक्षा टप्प्यावर येण्याची शक्यता यातून दिसते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पुणे ही सगळी आहेत, आणि मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे पाहायला उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. माझ्या मते २०३० नंतरही डिझेल गाडी ठेवायची असेल तर बीएस-३ घेऊ नये. पेट्रोलमध्ये तेवढी घाई नाही.

बीएस-६ डिझेल घेणाऱ्याने वेगळीच तपासणी करावी. या गाड्यांत धुरातले कण अडवणारी गाळणी असते, मेकॅनिक तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. राजारामपुरी ते शाहूपुरी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती जळत नाही, गाळणी तुंबते आणि नवी टाकायचा खर्च मोठा येतो. तो टाळायला काही जण गाळणी पोकळ करून संगणकाला शांत बसवतात. थंड गाडीच्या टेलपाइपमध्ये पांढरे फडके फिरवावे: बीएस-६ डिझेलची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते, फडके दाट काळे निघाले तर गाळणी फुटली किंवा काढली आहे. किल्ली फिरवल्यावर इतर दिव्यांबरोबर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का हेही बघावे. अजिबात न पेटणारा दिवा बहुधा कोणीतरी बंद केलेला असतो. अशा गाडीच्या आरसीवर बीएस-६ असे असले, तरी तिला बीएस-६ चा भाव देण्याचे कारण उरत नाही.