प्रगामी तरंगाचे समीकरण

ठरावीक वेगाने एकाच दिशेने पुढे सरकणाऱ्या तरंगात कोणत्या ठिकाणी, कोणत्या क्षणी किती विस्थापन असेल ते सांगणारे सूत्र. आयाम (परमप्रसर) A, तरंगलांबी λ, आवर्तकाल T आणि तरंगाची दिशा माहीत असली की ज्यावक्रीय तरंगाचे समीकरण जवळजवळ पूर्ण होते. उरते ती फक्त आरंभीची कला φ. चुका होतात त्या बहुतेक दिशेचे चिन्ह आणि ही कला लिहिताना.

उगम. तरंगाचा आकार न बदलता सरकतो हे f(x − vt) या रूपात मांडण्याचे श्रेय सामान्यतः फ्रेंच गणिती दालांबेर यांना दिले जाते. ताणलेल्या तारेच्या कंपनांवरील त्यांचा निबंध १७४७ चा धरतात. बर्लिन अकादमीच्या ग्रंथात तो १७४९ मध्ये छापला गेला, म्हणून काही ठिकाणी तेच वर्ष आढळते. एक उजवीकडे व एक डावीकडे जाणारा असे दोन तरंग मिळून तारेची कोणतीही हालचाल मांडता येते, हा त्यातील निष्कर्ष. f कोणत्या प्रकारचे फल असू शकते यावर पुढे वाद झाला. ते एकाच वैश्लेषिक सूत्राने मांडता आले पाहिजे, असा दालांबेर यांचा आग्रह होता. हाताने काढलेला कोणताही वक्र चालेल, असे ऑयलर यांचे म्हणणे होते. डॅन्येल बेर्नुली यांनी १७५३ च्या सुमारास कोणतेही कंपन ज्यावक्रांच्या बेरजेने मांडता येते असा पक्ष घेतला, पण त्या काळी तो दोघांनाही पटला नाही. फूर्ये यांच्या उष्णतावहनावरील कामानंतर बेर्नुलींच्या बाजूला बळ मिळाले. आज एकट्या ज्यावक्रीय तरंगाचे समीकरण मूलभूत मानून शिकवतात, ते या बेरजेच्या आधारावरच.

दिशेचे चिन्ह. +x दिशेने जाणाऱ्या तरंगात x या ठिकाणचा कण आरंभबिंदूवरील कणाचीच हालचाल करतो, फक्त x/v इतक्या वेळाने उशिरा. म्हणून आरंभबिंदूवरील y = A sin(ωt + φ) या सूत्रात t च्या जागी t − x/v ठेवावे लागते:

y = A sin(ωt − kx + φ), येथे ω = 2π/T, k = 2π/λ, v = λ/T = ω/k.

−x दिशेने जाणारा तरंग x च्या धन बाजूच्या कणाकडे आधी पोहोचतो. उशिराऐवजी आघाडी मिळते आणि kx चे चिन्ह धन होते. ‘वजा चिन्ह म्हणजे ऋण दिशा’ हा समज याच्या नेमका उलट आहे, आणि तो फार पसरलेला आहे. दिशा ठरते ती x आणि t यांच्या सहगुणकांची चिन्हे एकमेकांशी जुळतात की नाही यावरून: भिन्न असल्यास तरंग +x कडे, समान असल्यास −x कडे. त्यामुळे sin(−kx − ωt) हा तरंगही −x कडेच जातो. सूत्राच्या पुढे लावलेले वजा चिन्ह वक्र उलटा करते, पण दिशा बदलत नाही.

दोन रूढी. काही पुस्तके ωt − kx लिहितात, तर काही kx − ωt; एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात दुसरे रूप आहे. दिशा दोन्हींत तीच असते. कोज्या वापरल्यास, φ शून्य असताना, दोन्ही सूत्रे तंतोतंत एक असतात, कारण cos(−θ) = cos θ. ज्या मात्र चिन्ह बदलते, म्हणून एका पुस्तकातील φ दुसऱ्या पुस्तकाच्या सूत्रात जसाच्या तसा घालता येत नाही. sin(kx − ωt + φ′) आणि sin(ωt − kx + φ) हे एकच तरंग असतील तर φ′ = π − φ. विलंबाची कल्पना पहिल्या रूपात उघड दिसते आणि चिन्ह पाठ करावे लागत नाही, म्हणून हाताने समीकरण मांडताना ते रूप अधिक सोयीचे म्हणावे लागेल.

उदाहरण. एका लांब दोरीवर −x दिशेने तरंग जात आहे. A = ३ सेंमी., λ = ४० सेंमी., T = ०.२ सेकंद. t = 0 या क्षणी x = 0 येथील कण १.५ सेंमी. वर असून खाली येत आहे.

लांबी मीटरमध्ये घेतल्यास k = 2π/0.4 = 5π रेडियन प्रतिमीटर, ω = 2π/0.2 = 10π रेडियन प्रतिसेकंद आणि वेग २ मीटर प्रतिसेकंद. दिशा ऋण असल्याने

y = 0.03 sin(10πt + 5πx + φ).

आरंभीच्या स्थितीवरून sin φ = 1/2, म्हणजे φ एकतर π/6 किंवा 5π/6. गणकयंत्र फक्त π/6 दाखवते आणि पुष्कळांचे उत्तर तिथेच चुकते. कणाचा वेग Aω cos φ आहे. कण खाली येत असल्याने cos φ ऋण हवा, म्हणून φ = 5π/6:

y = 0.03 sin(10πt + 5πx + 5π/6) मीटर.

कणाचा वेग सुमारे −०.८२ मीटर प्रतिसेकंद येतो. तरंगाचा २ मीटर प्रतिसेकंद हा वेग निराळा. तो कणाचा नव्हे, आकाराचा वेग आहे.

पडताळा दोरीच्या त्या क्षणीच्या आकृतीवरून घेता येतो. x = 0 येथे वक्राचा उतार Ak cos φ, म्हणजे सुमारे −०.४१ आहे, उजवीकडची दोरी खाली गेलेली आहे. तरंग उजवीकडून येत असल्याने उजव्या शेजाऱ्याची आताची स्थिती पुढच्या क्षणी या कणाला मिळेल, म्हणजे कण खाली जाणार. दिलेली माहितीही तेच सांगते. आकड्यांतही मेळ बसतो: −x कडे जाणाऱ्या तरंगात कणाचा वेग = v × उतार, म्हणजे २ × (−०.४१) ≈ −०.८२. +x कडील तरंगासाठी याच संबंधात वजा चिन्ह येते. दिशेचे चिन्ह चुकले असेल तर हा शेजाऱ्याचा पडताळा लगेच विसंगती दाखवतो. फक्त t = 0, x = 0 या किमती घालून पाहणे मात्र पुरेसे नसते, कारण तिथे kx शून्य असल्याने चुकीचे चिन्हही बिनबोभाट पास होते.

याच कारणाने y–x आलेखावरून φ काढताना सावध राहावे लागते. +x कडे जाणाऱ्या तरंगाचा t = 0 चा आलेख आरंभबिंदूतून वर चढत असेल, तर x = 0 चा y–t आलेख तिथून खाली उतरतो.

परावर्तन. x = 0 येथे दोरी घट्ट बांधलेली असल्यास A sin(ωt − kx) हा आपाती तरंग −A sin(ωt + kx) होऊन परततो. येथे दोन चिन्हे दोन वेगळ्या कारणांनी बदलतात. आतले चिन्ह दिशा उलटल्यामुळे बदलते, तर बाहेरचे बांधलेल्या टोकाचे विस्थापन शून्य राहावे म्हणून. टोक मोकळे असेल तर बाहेरचे चिन्ह बदलत नाही. बांधलेले टोक x = L येथे असेल तर परावर्तित तरंगाच्या कलेत 2kL वजा करावे लागते.

मर्यादा. हे समीकरण अवमंदन नसलेल्या, अमर्याद लांब माध्यमासाठी आहे; अवमंदन असल्यास A अंतराबरोबर घटतो. ध्वनीसारख्या अनुतरंगात y हे x च्याच दिशेतील विस्थापन असते, आणि दाबातील बदल त्यापेक्षा कलेने π/2 ने भिन्न असतो. त्रिमितीत kx च्या जागी k·r येते व दिशा k या सदिशातच सामावते.