नदीवेदिका, नागमोडी वळणे व नालाकृती सरोवरे

नदीच्या तळाच्या व काठांच्या झिजेतून कालांतराने तयार होणारी, परस्परसंबद्ध भूरूपे. वेदिका म्हणजे जुन्या पूरमैदानाचा उरलेला सपाट पट्टा. नदी खाली खणत गेल्याने तो पुराच्या पातळीच्या वर राहतो. येथील विवेचन मुख्यतः पुणे जिल्ह्यातील, म्हणजे भीमेच्या वरच्या खोऱ्यातील नद्यांना धरून केले आहे.

नागमोडी वळणांचे कारण दीर्घकाळ वादाचे होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे नद्या एका काठाकडे ढकलल्या जातात, हे मत एकोणिसाव्या शतकात मांडले गेले. परंतु हा परिणाम फार क्षीण असून दोन्ही बाजूंना आळीपाळीने पडणारी वळणे त्याने उलगडत नाहीत. अभियंते जेम्स टॉमसन यांनी १८७६ मध्ये आणि आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये दिलेले स्पष्टीकरण अधिक ग्राह्य आहे. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे जाते आणि तळाचे, घर्षणाने मंदावलेले पाणी आतल्या काठाकडे येते. कपातला चहा ढवळल्यावर पत्ती मध्यभागी जमते, ती याच कारणाने. बाहेरचा काठ कोरला जातो, आतल्या काठाशी वाळू साचते आणि वळण रुंदावत जाते. वळणाच्या एका पूर्ण लाटेची लांबी सामान्यतः पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट असते, म्हणजे १०० मी. रुंद पात्रात सु. १ ते १·४ किमी.

वेदिकांचा प्रश्न मात्र कालमापनाचा आहे. पुण्याच्या आसपास भीमा, घोड, कुकडी व कऱ्हा यांच्या काठी रेती, गाळ व चुनखडीचे खडे यांचे उभे कडे दिसतात. नदी आधी भरत गेली आणि मग त्याच भरीत खणत गेली, असा त्यांचा अर्थ. बहुतेक अभ्यासक भरण्याचा संबंध प्लाइस्टोसीन या हिमयुगांच्या काळाच्या अखेरच्या कमकुवत मोसमी पावसाशी आणि खणण्याचा संबंध त्यानंतरच्या, आजवर चालू असलेल्या होलोसीन काळाच्या आरंभी वाढलेल्या पावसाशी जोडतात. थोड्या पाण्याला आलेला गाळ पुढे नेववत नाही. पाणी वाढले, की गाळ वाहून उरलेली शक्ती तळ खणते. भूपृष्ठ उचलले जाण्याचाही वाटा असावा, पण त्याला इथे आधार तुलनेने कमी.

जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या गाळात ज्वालामुखी राखेचा थर सापडला. त्याच्याशी निगडित रेतीत अश्यूलियन, म्हणजे आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडींच्या परंपरेतील हत्यारे असल्याने त्याच्या वयाला विशेष महत्त्व आले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते सु. १४ लक्ष वर्षे आले. पुढे आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सु. ६·७ लक्ष वर्षे. उलट राखेतील काचकणांचे रासायनिक विश्लेषण तिची सांगड सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सु. ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी घालते. २०१४ मधील काचकणांच्या अभ्यासाने भारतातील सर्व ज्ञात टोबा राख याच उद्रेकाची ठरवली. हे मत अधिक सबळ वाटते. मोठ्या वयांमागे मिश्रण असू शकते: दख्खनचा बेसॉल्ट खडक सु. ६·६ कोटी वर्षांचा असून त्याचे मोजके कणही नमुन्यात मिसळले, तर वय फुगते. पण राखेचे वय ठरले म्हणून हत्यारांचे ठरत नाही. हत्यारे जुन्या रेतीतून वाहत येऊन पुन्हा साचलेली असू शकतात. धार बोथट व कडा गोलसर असल्यास हा संशय बळावतो. राखही वरच्या उतारावरून नंतर धुऊन आलेली असू शकते. त्यामुळे राख जिथे आहे तो थर उद्रेकाएवढा किंवा त्याहून अलीकडचा आणि वेदिका घडवणारी झीज त्याहूनही अलीकडची, एवढेच खात्रीने म्हणता येते. खुद्द पुणे शहरात मुळा-मुठेच्या वेदिका भराव व बांधकामांखाली दबल्याने त्यांचे वाचन कठीण आहे.

दोन वळणे एकमेकांजवळ आली की मधली जमिनीची मान अरुंद होते आणि पुरात तुटते. समजा, ३ किमी लांबीच्या वळणात नदी १ मी. उतरते आणि मान २०० मी. रुंद आहे, तर तुटलेल्या वाटेवरचा उतार १५ पट होतो आणि पाणी जुनी वाट सोडते. मिसिसिपीने १८७६ मध्ये व्हिक्सबर्गजवळ असेच वळण सोडले. सोडलेल्या वळणाची दोन्ही तोंडे प्रथम वाळूने बुजतात आणि उरते ते नालाकृती सरोवर. पुढे पुरासोबत येणारा बारीक गाळ त्यात हळूहळू साचतो.

पुणे परिसरात अशी सरोवरे विरळाच. नद्या खोल कोरलेल्या, तळ ठिकठिकाणी बेसॉल्टचा आणि काठ चिकट गाळाचे; त्यामुळे वळणे फारशी सरकत नाहीत आणि बहुतेक पूर पात्रातच मावतात. याउलट बिहारमधील कावर ताल हे बुढी गंडकच्या सोडलेल्या वळणातून बनलेले मानले जाते.