निवेदनाचा आवाज की कॅमेऱ्यासमोरचा चेहरा: रिटेन्शनचे आलेख शेजारी ठेवताना

एकाच एक्सप्लेनरच्या दोन आवृत्त्या केल्या, एकीत पडद्यामागून निवेदन आणि दुसरीत कॅमेऱ्यासमोर बोलणारी व्यक्ती, की त्यांचे रिटेन्शनचे, म्हणजे कुठपर्यंत किती प्रेक्षक टिकले याचे, आकडे समोर ठेवून कोणीतरी ताबडतोब निकाल देतो: "चेहरा दिसला की प्रेक्षक थांबतो", किंवा नेमके उलट. हा निकाल बहुतेक वेळा ज्या आकड्यावर उभा असतो, त्या आकड्यातून तो निघतच नाही.

व्हॉइसओव्हर म्हणजे काय आणि सादरकर्ता म्हणजे काय, हे वाचकाला ठाऊक आहे. प्रकाशयोजना, ध्वनिमुद्रण, खर्च यांतले फरकही उघड आहेत. सरासरी पाहिलेल्या भागाच्या टक्केवारीबद्दल मात्र एक वाक्य लिहावे लागते. सादरकर्ता श्वास घेतो, थांबतो, हातवारे करतो, त्यामुळे तीच संहिता निवेदनात ६ मिनिटांची झाली तर कॅमेऱ्यासमोर सहज ६ मिनिटे ४० सेकंदांची होते. दोन्हीकडे प्रेक्षकाने सरासरी ३ मिनिटेच पाहिली तरी एकीकडे ५० टक्के दिसतात आणि दुसरीकडे ४५. म्हणून आलेख घड्याळाच्या काट्यावर जुळवू नयेत, संहितेतील वाक्यांवर जुळवावेत: अमुक वाक्य सुरू होताना किती जण उरले होते, एवढेच विचारावे.

खरा घोळ पुढे आहे. प्रेक्षक सुरुवातीलाच परत फिरणे आणि थांबलेला प्रेक्षक मध्येच सुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि आलेखावर त्या एकाच उतरत्या रेषेत मिसळून दिसतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात जो जातो, तो बहुधा विषय समजावण्याच्या पद्धतीमुळे जात नाही. थंबनेल आणि शीर्षक पाहून जे अपेक्षिले होते ते समोर दिसले नाही म्हणून तो जातो. मधल्या भागात जो जातो, त्याला मात्र त्या क्षणी पडद्यावर जे चालले होते त्याने सोडलेले असते. चेहरा आणि निवेदन यांचा परिणाम या दोन ठिकाणी परस्परविरोधी असू शकतो, आणि सरासरी काढली की तो विरोध पुसला जातो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. विषय चंद्राच्या कला. दोन्ही आवृत्त्यांना तेच शीर्षक, तेच थंबनेल, आणि प्रेक्षक चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणताही निकष न लावता, निम्मे-निम्मे वाटलेले. प्रत्येकी १००० जणांनी व्हिडिओ सुरू केला.

| संहितेतील जागा | निवेदन | सादरकर्ता |
|---|---|---|
| प्रस्तावना संपली | ७२० | ६०० |
| सूर्य-पृथ्वी-चंद्र आकृती सुरू | ६०० | ५४० |
| आकृती संपून पुढचा मुद्दा | ५४० | ४३२ |
| शेवटचे वाक्य | ४०० | ३७२ |

उतावळा वाचक शेवटची ओळ पाहतो: ४० टक्के विरुद्ध ३७.२, म्हणजे निवेदन जिंकले. परंतु हजार-हजारांच्या गटांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो, तेव्हा या ओळीतून काहीच ठरत नाही. थोडा अधिक सावध वाचक म्हणतो की प्रस्तावनेनंतर उरलेल्यांचाच हिशेब करू. मग ७२० पैकी ४०० म्हणजे सुमारे ५६ टक्के, आणि ६०० पैकी ३७२ म्हणजे ६२ टक्के. आता सादरकर्ता जिंकला. हा दुसरा निकाल मला पहिल्यापेक्षा अधिक धोकादायक वाटतो, कारण तो अभ्यासपूर्ण दिसतो.

त्यातली चूक अशी. प्रस्तावनेनंतरचे दोन गट आता सारखे राहिलेले नाहीत. सादरकर्त्याच्या आवृत्तीने आधीच जास्त लोक गाळले आहेत आणि गाळले गेलेले बहुधा कच्च्या मनाचे होते. निवेदनाच्या ७२० मध्ये तसे सुमारे १२० जण अजून बसलेले आहेत. ते सगळेच शेवटापूर्वी उठून गेले असे टोकाचे धरले, तर उरलेल्या ६०० पक्क्या प्रेक्षकांपैकी ४०० शेवटपर्यंत पोचले, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के. सादरकर्त्याची ६२ टक्क्यांची आघाडी तिथेच उलटते. खरे उत्तर ५६ आणि ६७ यांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि हा आलेख ते सांगू शकत नाही.

मग यातून विश्वासाने काय म्हणता येते? आकृतीचा भाग पाहावा. निवेदनात ६०० पैकी ६० जण गेले, म्हणजे १० टक्के. सादरकर्त्याकडे ५४० पैकी १०८, म्हणजे २० टक्के. इथे गाळणीचा आक्षेप टिकत नाही, कारण गाळणीमुळे सादरकर्त्याचा गट अधिक चिवट असायला हवा होता, आणि तरीही त्याचीच गळती दुप्पट आहे. पूर्वग्रह ज्या दिशेला ढकलतो त्याच्या विरुद्ध दिशेला फरक दिसला, तर तो फरक धरून चालता येतो. शिवाय एवढ्या संख्येत १० टक्क्यांची तफावत योगायोगाने पडणे कठीण. कारणही समजण्याजोगे आहे: चंद्र कक्षेत कुठे आहे आणि त्याचा कोणता भाग पृथ्वीवरून दिसतो, या दोन गोष्टी नजरेने एकाच वेळी धराव्या लागतात, आणि शेजारी बोलणारा चेहरा असला की नजर तिकडे ओढली जाते.

मोजताना एक दक्षता घ्यावी. यूट्यूबच्या आलेखात पुन्हा पाहिलेला क्षण पुन्हा मोजला जातो, त्यामुळे आकृतीवर लोक मागे-पुढे करतात तेव्हा रेषा फुगते, आणि एखाद्या ठिकाणी १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकते. म्हणून आकृतीनंतरचा आकडा तिच्या काठावर न घेता पंधरा-वीस सेकंद पुढे, नवा मुद्दा सुरू झाल्यावर घ्यावा. तो उंचवटा दिसला की लोक आनंदतात. मला तो आधी संशयास्पद वाटतो, कारण कळले नाही म्हणूनही माणूस मागे जातो.

वाटणी निकष न लावता झालेली नसेल, तर हे सगळे गणित कोसळते. दोन आवृत्त्या एकाच चॅनेलवर आठवड्याच्या अंतराने टाकणे ही चाचणी नव्हे. पहिली पाहिलेला प्रेक्षक दुसरीला कंटाळतो आणि सादरकर्त्याला ओळखणारे सबस्क्रायबर त्याच्यासाठी थांबतात. यूट्यूबवरील थंबनेल आणि शीर्षकाच्या तुलनेची सोय व्हिडिओच्या दोन फाइलींना लागू होत नाही. आपल्या वेबसाइटच्या पानावर दोन्ही आवृत्त्या आलटून-पालटून दाखवणे हा सरळ मार्ग. ते जमत नसेल तर निदान सबस्क्रायबर नसलेले आणि एकाच मार्गाने आलेले प्रेक्षक वेगळे काढून पाहावे. एडएक्स या ऑनलाइन शिक्षण मंचाच्या ४ अभ्यासक्रमांतील ८६२ व्हिडिओंचा २०१४ चा प्रसिद्ध अभ्यास चेहऱ्याच्या बाजूने वारंवार पुढे केला जातो. त्यात सुमारे ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी होत्या, आणि नुसत्या स्लाइडपेक्षा अधूनमधून चेहरा दिसणारे व्हिडिओ अधिक पाहिले गेले. पण त्या आधीच तयार असलेल्या व्हिडिओंच्या नोंदी होत्या. एकाच संहितेच्या दोन आवृत्त्यांबद्दलचा निकाल त्यांतून काढणे मला मान्य नाही.

वरच्या उदाहरणात मी पुढची आवृत्ती अशी करीन: सादरकर्ता ठेवायचा, पण आकृती येताच त्याला पडद्यावरून पूर्ण काढायचे, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतही नाही, आणि आवाज तोच चालू ठेवायचा. तिथली गळती २० वरून १० टक्क्यांजवळ आली, तर दोष चेहऱ्याचा होता. ती २० वरच राहिली, तर दोष त्या आवृत्तीतल्या बोलण्याच्या संथ गतीत शोधावा लागेल, आणि त्यासाठी सादरकर्त्याचाच आवाज निवेदनाच्या वेगाने पुन्हा ध्वनिमुद्रित करून चौथी आवृत्ती काढावी लागेल.