जॅकपॉट : एकरकमी व वार्षिकी पर्याय

लॉटरीचे मोठे बक्षीस एकदम घ्यावे की वर्षानुवर्षे हप्त्यांनी, या निवडीचा वैयक्तिक अर्थनियोजनाच्या अंगाने केलेला विचार. अमेरिकेतील पॉवरबॉल हे त्याचे ठळक उदाहरण. हप्त्यांच्या प्रथेचे मूळ इंग्लंडच्या १६९४ सालच्या मिलियन लॉटरीपर्यंत नेता येते. तिची बक्षिसे १६ वर्षे वाटून मिळत. मात्र ते मुळात सरकारी कर्ज होते आणि कोऱ्या तिकिटालाही वर्षाला एक पौंड मिळे, त्यामुळे हा संबंध काहीसा ओढूनताणून जोडलेला वाटतो.

पॉवरबॉलची वार्षिकी २९ वर्षांत ३० हप्त्यांनी मिळते. पहिला हप्ता लगेच मिळतो आणि पुढचा प्रत्येक हप्ता ५ टक्क्यांनी मोठा असतो. जाहिरातीतला आकडा म्हणजे या हप्त्यांची नुसती बेरीज. एकरकमी घेणाऱ्याला ते हप्ते पुरवण्यासाठी आज जेवढे गुंतवावे लागले असते तेवढे मिळतात. म्हणून ‘निम्मे पैसे कापून घेतले’ ही तक्रार खरी नाही. व्याजदर चढले की हा वाटा घटतो. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर रकमेच्या सुमारे ६२ टक्के रोख मिळत होते, तर नोव्हेंबर २०२२ च्या २०४ कोटी डॉलरच्या जॅकपॉटवर ९९.७६ कोटी, म्हणजे सुमारे ४९ टक्के.

समजा, जॅकपॉट १० कोटी डॉलरचा आहे आणि रोख ५ कोटी. पहिला हप्ता सुमारे १५ लाखांचा येतो, शेवटचा सुमारे ६२ लाखांचा. ५ टक्के व्याज धरले, तर हप्त्यातली वाढ आणि व्याज एकमेकांना फेडतात. प्रत्येक हप्त्याचे आजचे मोल १५ लाखच राहते आणि ३० हप्त्यांचे साडेचार कोटी. रोख त्याहून जास्त आहे, म्हणजे वार्षिकीत दडलेला दर ५ टक्क्यांहून कमी, सुमारे ४.३ टक्के.

आता कर. मोठ्या रकमेवर दोन्ही पर्यायांत संघीय आयकराचा सर्वोच्च ३७ टक्के दर लागू होतो असे धरू. वार्षिकीतील वाढीवर मात्र हप्ता हाती पडेपर्यंत कर नसतो, तर रोख गुंतवणाऱ्याला व्याजावर दरवर्षी तो भरावा लागतो. त्यामुळे बरोबरी साधायला ४.३ टक्के कर वजा जाता सुटायला हवेत. पूर्ण करपात्र रोख्यांवर त्यासाठी सुमारे ६.८ टक्के मिळवावे लागतात. निव्वळ रोख्यांतल्या पैशाच्या तुलनेत वार्षिकी सहसा सरस ठरते. शेअरांचा चढउतार तीस वर्षे सोसू शकणाऱ्याचे गणित वेगळे.

निवडीची मुभा आहे एवढ्यावरून सगळ्या रकमेवर लगेच कर लागू नये, यासाठी १९९८ च्या संघीय कायद्याने सवलत दिली. ती किमान १० वर्षांच्या हप्त्यांना आहे आणि हक्क निर्माण झाल्यापासून ६० दिवसांत निवड व्हावी लागते. विजेता मरण पावल्यास उरलेले हप्ते वारसांकडे जातात. पण वारसाकर त्यांच्या आजच्या मोलावर लागतो आणि तो साधारणतः नऊ महिन्यांत भरायचा असतो, तेव्हा रोकड अपुरी पडू शकते. हे मोल सरकारी कोष्टकानेच ठरवावे की हप्ते विकता येत नाहीत म्हणून कमी धरावे, यावर अमेरिकी अपील न्यायालयांत एकमत झालेले नाही.